ऊस उभा असताना फाटा बघा: चौक सुधारणेच्या सुरक्षा ऑडिटमध्ये धोक्यांचा क्रम कसा लावायचा

मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही उसाच्या पट्ट्यात फाट्यावर उभं राहा, रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर दिसतो. तोड झालेली असते, शेतात पाचट नाहीतर घोट्याएवढा खोडवा. तोच फाटा ऑक्टोबरात बघितला तर दोन्ही कोपऱ्यांत दहा-दहा फूट हिरव्या भिंती उभ्या असतात, आणि गावरस्त्यावरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मुख्य रस्त्यावरची गाडी दिसते तेव्हा त्याचं पुढचं चाक डांबरावर गेलेलं असतं. सरकारी कामाच्या वेळापत्रकात पाहण्या बहुतेक उन्हाळ्यातच होतात. माझी पहिली काही ऑडिटं अशीच झाली. एका टपरीवाल्याने चहा देता देता सांगितलं, "साहेब, कारखाना सुरू झाल्यावर या, मग कळंल." गेलो, आणि आधीच्या अहवालाचा निम्मा क्रम बदलावा लागला.

हा लेख चौक सुधारणेच्या आराखड्याचं सुरक्षा ऑडिट करणाऱ्यांसाठी आहे. शाखा अभियंता, सल्लागाराकडचा नवा पोरगा, किंवा आपल्या गावच्या फाट्याचा आराखडा समजून घ्यायचा आहे असा ग्रामपंचायत सदस्य, कुणालाही वापरता येईल. उदाहरणासाठी पलूस-तासगाव बाजूच्या तीन-चार फाट्यांवरचं पाहिलेलं एकत्र करून एक नमुना फाटा घेतला आहे. त्यातली मापं हिशोब कळावा म्हणून आहेत. तुमच्या फाट्यावरची तुम्हीच घ्या.

नमुना फाटा असा. दोन पदरी मुख्य रस्ता, डांबर ७ मीटर. त्याला एका बाजूने गावरस्ता येऊन मिळतो, म्हणजे तीन तोंडांचा फाटा. तोंडाच्या अलीकडेच एसटीचा थांबा, शेजारी टपऱ्या. सुधारणेचा प्रस्ताव असा की फाट्यावर मुख्य रस्ता चार पदरी करायचा, मधे दुभाजक घालून त्यात एक मोकळीक ठेवायची, आणि एक हायमास्ट उभा करायचा. कागदावर देखणं. गावकऱ्यांची मागणी वेगळीच होती: "दोन स्पीड ब्रेकर टाका, बाकी काही नको."

आधी वेग मोजा, मत नंतर बनवा

रडार गन नसली तरी चालतं. रस्त्याकडेला १०० मीटरचं अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना चुन्याची खूण करा. गाडी पहिल्या खुणेवर आली की स्टॉपवॉच चालू, दुसरीवर बंद. ३६० भागिले सेकंद केलं की ताशी किलोमीटर. ४.८ सेकंद लागले तर ७५. अंतर ५० मीटरचं घेऊ नका. हात पाव सेकंद इकडेतिकडे झाला तरी तिथे सात-आठ किलोमीटरची चूक होते, १०० मीटरवर ती निम्म्याने कमी होते. मोकळ्या जाणाऱ्या १०० गाड्या मोजा, म्हणजे दुसऱ्या गाडीमागे अडकलेल्या सोडून. सगळ्यात हळूपासून वेगवान अशा क्रमाने लावल्या की ८५ व्या गाडीचा वेग हा आपला कामाचा आकडा. सरासरी कामाची नाही, कारण धडक सरासरी गाडीशी होत नाही.

एक गोष्ट अनुभवाची. चमकणारं जाकीट घालून, हातात पाटी घेऊन उभं राहिलात तर सगळे आरटीओ समजून वेग कमी करतात. टपरीच्या बाकावर बसून मोजा. जाकीट रस्त्यावर उतरताना घाला.

नमुना फाट्यावर हा आकडा ७५ आला असं धरू. सेकंदाला जवळजवळ २१ मीटर.

दिसणं किती हवं, आणि ट्रॅक्टरला किती हवं

गावरस्त्यावरून येणाऱ्याने थांबून मुख्य रस्त्यावर बघितलं तर त्याला साधारण आठ सेकंदांच्या अंतरापर्यंत दिसायला हवं. भारतीय रस्ते परिषदेच्या चौकांविषयीच्या मार्गदर्शिकेतली अंतरं याच हिशोबाची आहेत: ताशी ५० ला ११० मीटर, ६५ ला १४५, ८० ला १८०. ७५ ला आपलं गणित येतं सुमारे १६७ मीटर.

पण हे आठ सेकंद कुणाचे? मोटारीचे. आपल्याकडे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गावरस्त्यावरून जे बाहेर पडतं ते म्हणजे दोन भरलेल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. टोकापासून शेपटीपर्यंत अंदाजे १८ मीटर. तो कडेपासून ३ मीटर मागे थांबला, मग ७ मीटरचं डांबर ओलांडून शेवटची ट्रॉली पलीकडे काढायची म्हटलं तर एकूण २८ मीटर सरकायचं. थांबून निघालेला भरलेला ट्रॅक्टर सेकंदाला दोनेक मीटर जातो. म्हणजे १४ सेकंद. तेवढ्या वेळात ७५ ने येणारी गाडी २९० मीटर आली. ट्रॅक्टरवाल्याने निघताना रस्ता खरोखरच मोकळा बघितला असेल. गाडी त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हतीच.

आता प्रस्तावातले चार पदर घाला. ओलांडायचं अंतर ७ वरून दुभाजकासह १५ मीटरवर गेलं. सरकायचं अंतर ३६, वेळ १८ सेकंद, आणि दिसायला हवं ते अंतर ३७५ मीटर. दुभाजकाच्या मोकळिकीत मोटार थांबेल, दुचाकी थांबेल. १८ मीटरचं धूड तिथे आडवं थांबलं तर दोन्ही बाजूंचा रस्ता बंद. शिवाय रुंद, गुळगुळीत, उजेडातला रस्ता मिळाला की मुख्य रस्त्याची मंडळी ७५ वर थोडीच राहणार? या फाट्यावरचा सगळ्यात मोठा धोका ही सुधारणाच वाढवत होती. ऑडिटरने शोधायचं असतं ते हेच. जुन्या रस्त्याचे खड्डे मोजायला वेगळे लोक असतात.

तीन गुंठ्यांचा प्रश्न

कोपऱ्यातला ऊस म्हटलं की बैठकीत लगेच भूसंपादनाचा विषय निघतो आणि तिथेच बुडतो. म्हणून मी जागेवर दोरी धरून दाखवतो. गावरस्त्याच्या मधोमध, डांबराच्या कडेपासून साडेचार मीटर मागे एक माणूस उभा करा, डोळ्याची उंची १.२ मीटर धरून, म्हणजे त्याला थोडं वाकायला सांगा. उजवीकडून येणारी गाडी अलीकडच्या पदरात असते, कडेपासून पावणेदोन मीटर आत. माणसाच्या डोळ्यापासून १६७ मीटरवरच्या त्या गाडीपर्यंत रेघ ओढली तर ती डांबराच्या कडेला साधारण १२० मीटरवर छेदते. म्हणजे मोकळा ठेवायचा तुकडा किती? पाया १२० मीटर, उंची साडेचार मीटर असा एक लांबट त्रिकोण. २७० चौरस मीटर. पावणेतीन गुंठे.

डावीकडच्या बाजूला तर गाडी पलीकडच्या पदरात असते, तिथला तुकडा आणखी लहान. आणि या त्रिकोणाचा बराच भाग साइडपट्टीत आणि रस्त्याच्या हद्दीतच पडतो. हद्दीत ऊस कसा आला? दर लागणीला सरी एक फूट रस्त्याकडे सरकते, दुसरं काय. म्हणून पहिली शिफारस हद्द मोजून खुणेचे दगड बसवण्याची. हद्दीबाहेर जो थोडा तुकडा उरतो त्यासाठी शेतकऱ्याशी बोलता येतं: कोपऱ्यात ऊस नको, भुईमूग किंवा सोयाबीन घ्या, पिकातला फरक भरून देऊ. हळद चालेल का, असं एकाने विचारलं होतं. चांगली वाढलेली हळद कमरेच्या वर जाते, मोटारीतल्या डोळ्याला आडवी येऊ शकते. तिथे मी नाही म्हटलं.

थांब्याची शेड आणि वाढदिवसाचे फ्लेक्सही याच त्रिकोणात येतात. ऊस वर्षातून एकदा तरी तुटतो, फ्लेक्स बारमाही.

क्रम लावताना

पोलिसांच्या नोंदी जरूर घ्या, पण तिथे थांबू नका. काळा ठिपका, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरवायचा केंद्राचा निकष असा आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. आपले बहुतेक फाटे या यादीत येत नाहीत, आणि आपण आकडा भरायची वाट बघायची नसते. जागेवर खुणा असतात. फुटलेल्या हेडलाइटची काच कडेला कुठे जमली आहे, टायर घासल्याचे काळे पट्टे कुठून सुरू होतात, कुठल्या खांबाला एकाच बाजूने पोचे आले आहेत. टपरीवाला, पंक्चरवाला आणि थांब्यावरची वडापवाली पोरं यांना वेगवेगळं विचारा. तिघांची उत्तरं जुळली तर ती नोंद समजा. शिवाय दोन तास बसून "थोडक्यात वाचला" असे प्रसंग मोजा: कुणी जोरात ब्रेक मारला, कुणी साइडपट्टीवर उतरून वाचवलं.

मग प्रत्येक धोक्याला दोन गुण द्या. धडक झालीच तर इजा किती, १ ते ४. किती वेळा घडू शकेल, १ ते ४. दोन्हींचा गुणाकार. वेग इजेचा गुण ठरवतो. पायी माणसाला ३० च्या वेगाने धडक बसली तर तो बहुतेक वेळा वाचतो, ५० च्या पुढे आशा झपाट्याने कमी होते. मोटारीतला माणूस बाजूने बसलेली धडक ५० पर्यंत कशीबशी झेलतो. दुचाकीस्वाराला बाजूच नसते.

नमुना फाट्याचे गुण असे आले. गावरस्त्यावरून निघणाऱ्याला मुख्य रस्त्यावरच्या गाडीची काटकोनी धडक: ४ गुणिले ३, बारा. थांब्यावरून रस्ता ओलांडणारी शाळेची पोरं: ४ गुणिले २, आठ. रात्री कडेला उभ्या ट्रॉलीला मागून धडक: ४ गुणिले २, आठ. फाट्याच्या तोंडावर पसरलेल्या मुरुमावरून दुचाकी घसरणं: २ गुणिले ४, हेही आठ. दुभाजकाच्या टोकावर गाडी चढणं: ३ गुणिले २, सहा.

आणि इथे गुणाकार आंधळा आहे हे कळतं. मुरुमावरून घसरणं आणि पोरगं गाडीखाली येणं, दोन्हीला आठ! गाव मुरुमाबद्दलच जास्त बोलत होतं, कारण ते दर आठवड्याला दिसतं. माझा नियम असा आहे की इजेला ४ गुण असलेला धोका नेहमी वर, वारंवारता काहीही असो. दोन चारांत बरोबरी झाली तर जो धोका बारमाही आहे तो आधी. म्हणून पोरं दुसरी, ट्रॉली तिसरी, मुरूम चौथा, दुभाजक पाचवा.

शिफारस अशी लिहा की नाकारताना कारण द्यावं लागेल

"फाट्यावर दृश्यमानता सुधारावी, योग्य ते फलक लावावेत." असली वाक्यं मी स्वतः लिहिली आहेत. त्यांचं पुढे काहीच होत नाही, कारण काय करायचं हे कुणालाच कळत नाही. पहिल्या धोक्याची नोंद मी आता अशी लिहितो:

"गावरस्त्याच्या तोंडाशी कडेपासून साडेचार मीटरवर उभं राहून उजवीकडे ४० मीटरच दिसतं (ऑक्टोबर, ऊस उभा). मोजलेल्या ७५ च्या वेगाला १६७ मीटर हवेत. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडायला १४ सेकंद लागतात, प्रस्तावित चार पदरांनी ते १८ होतील. ट्रॅक्टर, दुचाकी आणि गावातली मोटार यांना काटकोनी धडकेचा धोका. शिफारस: चौपदरीकरण वगळावं, फाट्यावर दोनच पदर ठेवावेत. मुख्य रस्त्याचा वेग ५० पर्यंत उतरवावा. हद्द मोजून दृष्टीचा त्रिकोण मोकळा करावा. प्राधान्य: अत्यावश्यक."

यात कुठे, काय, कुणाला, कसं आणि काय करायचं हे सगळं आलं. वेग ५० वर आणला की ट्रॅक्टरच्या १४ सेकंदांत गाडी १९५ मीटर येते. तेवढी दृष्टी मिळवणं शक्य आहे. २९० मिळवणं या पट्ट्यात जवळजवळ अशक्य. म्हणून वेग आणि ऊस या दोन शिफारशी सुट्या नाहीत, एक मानली आणि दुसरी सोडली तर गणित जुळत नाही, हेही लिहून द्यायचं.

वेग ५० वर आणायचा कसा, हा खरा प्रश्न. नुसता "५०" चा गोल फलक लावून तो उतरत नाही. मुख्य रस्त्यावर उंचवट्याचा ब्रेकर मी टाळतो. रंग उडाला, दिवा गेला की रात्री दुचाकीसाठी तोच नवा धोका होतो, आणि गावोगाव असे बिनरंगाचे उंचवटे आपण रोज बघतो. रम्बलर पट्ट्या सावध करतात, पण रोजचा माणूस त्यांना सरावतो. काम करतो तो रस्त्याचा आकार: फाट्याच्या दोन्ही बाजूंना मधोमध तिरक्या पट्ट्यांचं रंगवलेलं बेट, त्यामुळे अरुंद भासणारा पदर, आणि पायी ओलांडण्याच्या जागी कर्बचं छोटं बेट. गावकऱ्यांना ब्रेकर हवाच असेल तर तो गावरस्त्यावर, थांबण्याच्या रेषेच्या अलीकडे टाका. जागा मिळाली असती तर मी खरं वर्तुळ सुचवलं असतं, ज्यात सगळ्यांनाच वळावं लागतं. मधे कारंजं बांधून सरळ जायची वाट तशीच ठेवलेलं सर्कल नव्हे.

बाकीच्या चार नोंदी लहान आहेत. थांबा तोंडाच्या अलीकडून पलीकडे न्यायचा, म्हणजे एसटी उभी असताना गावरस्त्यावरच्याला ती आडवी येत नाही आणि पोरं बसच्या मागून ओलांडतात. ओलांडायची जागा मधल्या बेटासमोर. टपऱ्याही थांब्याबरोबर हलवा, नाहीतर माणसं जुन्याच जागी उभी राहतात आणि एसटीही तिथेच थांबते. हे मी झालेलं पाहिलं आहे.

ट्रॉल्यांसाठी फाट्यापासून दूर, डांबराच्या बाहेर भरावाची उभी राहायची जागा हवी. रिफ्लेक्टरचा प्रश्न आराखड्याचा नाही, तरी नोंदवायचा, आणि शिफारस कारखान्याच्या शेती खात्याच्या नावे करायची: गेटवर वजनाच्या आधी ट्रॉलीच्या मागची लाल पट्टी बघा, नसेल तर तिथेच चिकटवा. चिखलाने माखलेली पट्टी ही नसलेलीच पट्टी. दोन ट्रॉल्या असतील तर मागच्या ट्रॉलीची बघा. पुढच्याची बघून सोडलेल्या बऱ्याच असतात.

मुरुमासाठी गावरस्ता तोंडापासून ३० मीटर डांबरी करायचा आणि साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणायची. दुभाजक तर पहिली शिफारस मानली की आपोआप जातो. मानली नाही तर त्याच्या टोकाआधी रंगवलेल्या पट्ट्या आणि टोकावर काळा-पिवळा धोकादर्शक फलक, तोही हायमास्टच्या भरवशावर न राहता. हायमास्ट महिनोन् महिने बंद असलेले मी पाहिले आहेत.

धोक्यांचा क्रम आणि कामाचा क्रम वेगळा असतो, हे बैठकीत स्पष्ट सांगा. मुरूम चौथ्या नंबरवर आहे, पण ते काम आठवड्याचं आहे, ते उद्याच सुरू करा. पहिल्या नंबरचं काम लांबलं तरी चालेल असा याचा अर्थ कुणी काढता कामा नये. म्हणून पहिल्या धोक्याला तात्पुरता उपायही लिहायचा: हंगाम सुरू व्हायच्या आत त्रिकोणातला हद्दीतला ऊस काढणं, आणि दिवसा ट्रॉल्या निघण्याच्या वेळी फाट्यावर झेंडीवाला.

अहवालाच्या शेवटच्या रकान्यात आराखडाकाराचं उत्तर येतं: मान्य, अंशतः मान्य, अमान्य. अमान्य असेल तर कारण आणि सही. ऑडिटरने आराखडा काढायचा नाही आणि आराखडा काढणाऱ्याने स्वतःचं ऑडिट करायचं नाही, हे पथ्य इथे कामी येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या आराखड्यात किंवा बांधणीत ठरलेली मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधितांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम धमकीसारखं वापरू नका, माणूस बचावात जातो आणि शिफारस मरते. पण सहीचा रकाना रिकामा राहिला तर त्याची आठवण द्यायला हरकत नाही.

काम झाल्यावर महिन्याने पुन्हा त्याच बाकावर बसून १०० गाड्या मोजा. ८५ वी गाडी अजून ६५ ने जात असेल तर रंगवलेलं बेट पुरलं नाही, कर्ब वाढवावा लागेल. एक रात्रीची फेरी, एक पावसातली. आणि तिसरी फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कारखाना सुरू व्हायच्या आधी. त्या वेळी दोरी आणि टेप बरोबर घ्या, सरी पुन्हा किती फूट पुढे आली आहे ते खुणेच्या दगडापासून मोजता येतं. दगड जागेवर असेल तर.